सीसी लिमिट वाढवून मागताना

भोसरीतल्या एखाद्या शीटमेटलच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. गेल्या वर्षीची उलाढाल १ कोटी ८० लाख आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा ३० लाख. यंदा ऑर्डरी वाढल्या, पत्रा रोखीनं घ्यावा लागतो आणि बिलाचे पैसे मात्र दोन महिन्यांनी येतात. मालक मॅनेजरला ईमेल लिहितो, ‘व्यवसाय वाढला आहे, कृपया लिमिट वाढवून द्यावी.’ अशा ईमेलवर मॅनेजरला काहीच करता येत नाही, कारण वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवायला त्याला आकडा लागतो आणि त्या आकड्यामागचा हिशेबही.

तो हिशेब अवघड नाही. नायक समितीच्या शिफारशीतून आलेल्या पद्धतीनुसार लघुउद्योगाची खेळत्या भांडवलाची गरज अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के धरतात. त्यातले २० टक्के बँक देते, ५ टक्के मालकानं घालायचे. यंदाचा अंदाज अडीच कोटींचा असेल तर बँकेचा वाटा ५० लाख होतो आणि मालकाचा साडेबारा लाख. म्हणून ईमेलचा मुख्य परिच्छेद असा हवा:

‘महोदय, आमची सीसी मर्यादा ३० लाखांवरून ५० लाख करावी, ही विनंती. एप्रिल ते सप्टेंबरची विक्री जीएसटी विवरणपत्रांनुसार १ कोटी २० लाख असून मार्चपर्यंत पुरवायच्या १ कोटी ३० लाखांच्या ऑर्डरी हातात आहेत. ऑर्डरींच्या प्रती, दोन वर्षांचे ताळेबंद आणि अद्ययावत स्टॉक स्टेटमेंट सोबत जोडले आहे.’

पाठवण्याआधी ड्रॉइंग पॉवर मात्र तपासून घ्यावी. मंजूर मर्यादा कितीही असली तरी खात्यातून उचल होते ती हिच्याइतकीच. समजा, ४० लाखांचा माल आहे आणि पुरवठादारांचे १२ लाख देणे आहे. उरलेल्या २८ लाखांतून २५ टक्के मार्जिन वजा जाता २१ लाख राहतात. नव्वद दिवसांच्या आतली येणी ४४ लाख असतील, तर तेवढंच मार्जिन सोडून ३३ लाख धरले जातात. एकूण ५४ लाख, म्हणजे ५० लाखांची मागणी टिकते. मार्जिनचं प्रमाण मात्र आपल्या मंजुरीपत्रात पाहावं. येण्यांतली निम्मी रक्कम नव्वद दिवसांपलीकडे गेलेली असेल, तर ड्रॉइंग पॉवर साडेसदतीस लाखांवर येते. मग वाढीव लिमिट मंजूर झाली तरी तिचा बराचसा भाग वापरता येत नाही. तिथं आधी वसुलीच करावी लागते.

प्रस्ताव अडकतो तो बहुधा दोन कारणांनी. अंदाजपत्रकातली विक्री जीएसटीतल्या विक्रीशी जुळत नाही, किंवा सीसीच्या पैशातून मशीन घेतलेलं असतं. मशीनसाठी मुदत कर्ज असतं. सीसीतून ते घेतलं की कच्च्या मालाचे पैसे तिथंच अडकतात आणि खातं कायम मर्यादेला टेकून राहतं. मॅनेजरला हे खात्याच्या उताऱ्यावरूनच कळतं.

तेव्हा खातं मर्यादा ओलांडू लागण्याची वाट न पाहता, ऑर्डर हातात पडताच हा ईमेल पाठवा.