हॉटेलच्या खोलीतला लॅपटॉप

लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध असली, तरी पासवर्ड विचारणारा छोटा प्रोग्राम बहुधा उघडाच राहतो. २००९ मध्ये जोआना रुत्कोव्स्का यांनी ट्रूक्रिप्टवर हे दाखवले. हॉटेलात ठेवलेल्या बंद लॅपटॉपवर यूएसबीने एक-दोन मिनिटांत तो प्रोग्राम बदलता येतो; मग मालकाने टाकलेला पासवर्ड नोंदला जातो. हाच ‘ईव्हिल मेड’ हल्ला.

स्क्रूवर चमकीचे नेलपॉलिश लावून फोटो काढला, तर झाकण उघडल्याचे कळते, कारण चमकीची तीच मांडणी पुन्हा साधणे फार अवघड. यूएसबीचा बदल मात्र या सीलला दिसत नाही. तो टीपीएम चिप पकडते: सुरू होतानाचे मोजमाप जुळले, तरच ती गुपित सोडते. हेड्स फर्मवेअर त्यावरून सहा आकडी कोड दाखवते. तो मोबाइलवरच्या कोडशी जुळला नाही, तर पासवर्ड टाकू नये.