अडथळा कुठून येतो?

रोमँटिक कॉमेडीतली दोन माणसं भेटतात, कशावरून तरी बिनसतं, आणि शेवटी कोणीतरी विमानतळाकडे धावत सुटतं. हे पाठ झालेल्या प्रेक्षकाने नवा चित्रपट निवडताना कलाकारांपेक्षा अडथळा पाहावा. दोघांनी पाच मिनिटं मोकळेपणाने बोलल्यावर सुटेल असा गैरसमज असेल, तर पुढचं सगळं ओळखीचंच निघतं. अडथळा माणसाच्या स्वभावातच असेल, तर शेवटाचा अंदाज सहजी बांधता येत नाही.

पी. जे. होगन यांचा ‘माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग’ (1997) याचं उत्तम उदाहरण आहे. जुना मित्र मायकल लग्न करतोय म्हटल्यावर ज्युलियनला तो हवासा वाटू लागतो आणि ती लग्न मोडायला निघते. होणारी नवरी किमी खाष्ट असती तर वाट सोपी होती. पण ती खरोखर चांगली आहे, आणि खोटेपणा नायिकाच करते. शेवटाकडे पाठलागही होतो: किमीमागे मायकल, मायकलमागे ज्युलियन. तेव्हा फोनवर तिचा मित्र जॉर्ज विचारतो, तुझ्यामागे कोण येतंय? कोणीच नसतं. मायकल किमीशीच लग्न करतो.

ट्रेलरवरून हे कळत नाही, कारण त्यात गमतीचे प्रसंगच वेचलेले असतात. कथासार जास्त उपयोगी पडतं. त्यात पैज, खोटं लग्न किंवा लपवलेली ओळख दिसली, तर साचा बहुधा जुनाच असतो.