शहराला निरोप देणारी कविता

इ. स. पूर्व ३० मधली गोष्ट प्लूटार्कनं लिहून ठेवली आहे. ऑक्टेव्हियनचं सैन्य अलेक्झांड्रियाच्या वेशीपाशी येऊन ठेपलं होतं. मध्यरात्री अचानक वाद्यांचा आणि गाण्याचा गजर ऐकू आला. न दिसणारी एक मिरवणूक शहरातून निघाली आणि वेशीबाहेर गेली. लोक म्हणाले, अँटनीचा पाठीराखा देव त्याला सोडून चालला.

या प्रसंगावरची कवाफीची कविता १९११ साली प्रसिद्ध झाली. कवाफीचा जन्म अलेक्झांड्रियातलाच. लहानपणाची काही वर्षं इंग्लंडमध्ये आणि विशीतली काही कॉन्स्टँटिनोपलमध्ये काढून तो परत आला, तिथल्याच पाटबंधारे खात्यात त्यानं वर्षानुवर्षं कारकुनी केली आणि १९३३ मध्ये तिथंच देह ठेवला. त्यानं अँटनीचं दुःख वर्णन केलं नाही. तो थेट अँटनीशी बोलतो. खिडकीपाशी जा, म्हणतो, नीट ऐक. फसलेल्या बेतांचं रडगाणं गाऊ नकोस, आणि हे सगळं स्वप्न होतं, कानांना भास झाला, अशी स्वतःची समजूतही घालू नकोस. कवितेत माणूस शहर सोडत नाही, शहर माणसाला सोडून जातं. शेवटच्या ओळीत पुन्हा अलेक्झांड्रियाचं नाव येतं, ते हातातून निसटणारं शहर म्हणून. कवितेला यमक नाही, ओळी लहानमोठ्या आहेत, तरी ग्रीक लयीचा ठेका आतून चालू राहतो.

मराठीत मुक्तछंद रुजवण्याचं मोठं श्रेय कवी अनिलांना जातं. त्यांचं ‘भग्नमूर्ती’ हे दीर्घकाव्य १९४० चं. वृत्ताचं बंधन सुटलं तरी लय सुटत नाही, हे त्यांच्या कवितेनं दाखवून दिलं. निरोपाच्या कवितेत तर लय फार जपावी लागते, कारण भावना आधीच भरून आलेली असते आणि ओळ कुठे थांबवायची याचं भान सुटतं.

समजा, कोणी पुण्यात शिकून, खोली सोडून गावी निघालं आहे. पहिल्या झटक्यात साधारण अशा ओळी येतात:

पुणे, तू मला खूप काही दिलंस,
तुझ्या आठवणी मी कायम जपेन.

इथे पुण्याच्या जागी नागपूर घालून पाहा. काहीच बिघडत नाही. म्हणजे या ओळींमध्ये शहरही नाही आणि जाणाराही नाही. आता त्याच खोलीत उभं राहून मी दुसऱ्या ओळी लिहिते:

डिपॉझिटमधून घरमालकानं
रंगाचे पैसे कापले.
भिंतीवर माझ्या वेळापत्रकाची
चौकोनी जागा
अजून पांढरी आहे.
पुण्या, तुझ्याकडे
माझं एवढंच येणं राहिलं.

इथेही नाव बदलता येईल, पण ती भिंत बदलता येणार नाही. वर्षभर चिकटवलेला कागद काढला की त्याखालचा रंग तसाच उजळ राहतो आणि भोवतालची भिंत काळवंडलेली दिसते. खोली करून राहिलेल्या प्रत्येकानं हे पाहिलं आहे. अभ्यास, परीक्षा, जागरण यांतला एकही शब्द न वापरता ती सगळी वर्षं त्या चौकोनात येतात.

‘चौकोनी जागा अजून पांढरी आहे’ असं एका ओळीत लिहिलं, तर ती नुसती माहिती होते. ‘जागा’पाशी ओळ तोडली की वाचणारा क्षणभर थांबतो, कोरी भिंत डोळ्यांपुढे येते आणि मग तिचा रंग कळतो. ओळ तोडायची ती या थांब्यासाठी. नुसत्या कागदावरच्या देखणेपणासाठी तोडलेली ओळ मोठ्यानं वाचताना लगेच उघडी पडते, कारण तिथे आवाज थांबतच नाही.

शहराला मारलेली हाकही मी मुद्दाम उशिरा आणली. पहिल्याच ओळीत ‘हे शहरा’ म्हटलं की कविता भाषणाच्या सुरात जाते आणि पुढची प्रत्येक ओळ त्या सुराला जुळवून घ्यावी लागते. आधी हिशेब, मग भिंत आणि मगच पुणं, असा क्रम ठेवला की हाक मारण्याचा हक्क मिळतो.

अशा कवितेत सर्वांत जास्त घात कृतज्ञता करते. शहरानं घडवलं हे खरं असतं, पण तिथे अपमानही झालेले असतात, पैसे कापले गेलेले असतात, एखादं माणूस न सांगता निघून गेलेलं असतं. हे सगळं गाळून उरतो तो निव्वळ आभारप्रदर्शनाचा ठराव. घरमालकाची कपात माझ्या ओळींमध्ये पहिली आहे ती यासाठीच. तिच्यामुळेच शेवटचं ‘येणं’ पोकळ वाटत नाही.

तुम्हीही एखादं शहर सोडत असाल, तर सामान बांधण्याआधी खोलीतल्या चार वस्तूंच्या खुणा वहीत टिपून ठेवा. कविता नंतर सावकाश लिहिता येते, पण भिंतीला नवा रंग लागला की ती खूण पुन्हा मिळत नाही.