परतीची वाट बंद झाली की

पदार्थ कमी ऊर्जेकडे, स्थैर्याकडे धाव घेतात, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग थंडीत तर ही ओढ आणखीनच दिसायला हवी, नाही का? उष्णतेची धावपळ थांबली की रेणूंनी आपापली सर्वांत आरामाची जागा गाठावी. आता एक प्रत्यक्षातला प्रयोग पाहा. ब्युटाडाईन नावाच्या वायूत हायड्रोजन ब्रोमाईड मिसळायचं. त्यातून दोन पदार्थ बनतात, एक कमी स्थिर आणि एक जास्त स्थिर. उणे ८० अंश सेल्सिअसला कमी स्थिर पदार्थ सुमारे ८० टक्के मिळतो. तेच ४० अंशांवर करा, की आकडे उलटतात: जास्त स्थिर पदार्थ ८० टक्के! कच्चा माल तोच, बनणारे पदार्थही तेच. बदललं फक्त तापमान.

हे कसं घडतं ते पाहायला रेणूच्या आत शिरू. ब्युटाडाईन म्हणजे चार कार्बनची साखळी. पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध, तिसऱ्या आणि चौथ्यामध्येही दुहेरी बंध. हायड्रोजन ब्रोमाईड जवळ आलं की त्याचा हायड्रोजन टोकाच्या कार्बनला, म्हणजे पहिल्याला, चिकटतो. ब्रोमीन ऋणभार घेऊन मागे राहतो आणि साखळीवर धनभार येतो. गंमत अशी की हा धनभार एका जागी बसत नाही. तो दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनमध्ये वाटला जातो, एकाच वेळी दोन्हीकडे. आता ब्रोमीनपुढे दोन दारं उघडी आहेत. तो दुसऱ्या कार्बनला जोडला गेला तर जो पदार्थ बनतो त्याला आपण ‘शेजारचा’ म्हणू, कारण हायड्रोजन आणि ब्रोमीन शेजारी शेजारी बसतात. चौथ्याला जोडला गेला तर ‘टोकाचा’.

टोकाचा पदार्थ जास्त स्थिर, कारण त्यात उरलेला दुहेरी बंध साखळीच्या मध्यभागी येतो आणि दोन्ही बाजूंच्या कार्बनचा आधार त्याला मिळतो. शेजारच्या पदार्थात तो बंध टोकाला, काहीसा उघडा पडतो.

या सगळ्याचा ऊर्जेचा नकाशा काढला तर तो सह्याद्रीसारखा दिसतो. धनभारित साखळी म्हणजे उंचावरचा एक खोलगट टप्पा. तिथून खाली उतरायला दोन खिंडी आहेत. एक खिंड जराशी ठेंगणी, पण तिच्यापलीकडची दरी उथळ: हा शेजारचा पदार्थ. दुसरी खिंड थोडी उंच, पण पलीकडची दरी खोल: हा टोकाचा पदार्थ. कोणत्या दरीत किती वेगानं माणसं उतरतील हे खिंडीच्या उंचीवर ठरतं. शेवटी कुठे किती वस्ती राहील हे दरीच्या खोलीवर ठरतं. आणि खिंडीची उंची आणि दरीची खोली यांचा एकमेकींशी काही करार झालेला नसतो! सगळा चमत्कार या एका गोष्टीत आहे.

पण मग तापमान मध्ये कुठे येतं? ते येतं परतीच्या वाटेत. दरीतून पुन्हा खिंडीवर चढायचं तर मोठा चढ आहे. समजा, शेजारच्या पदार्थाला हा चढ एका मोलला ८० किलोज्यूलचा पडतो. (आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे.) ४० अंशांवर यातले निम्मे रेणू वर चढायला किती वेळ घेतील? जेमतेम अडीच सेकंद. आणि उणे ८० अंशांवर? सुमारे २४ वर्षं! चढ तितकाच, तापमान फक्त १२० अंशांनी उतरलं, आणि अडीच सेकंदांची चोवीस वर्षं झाली. या चढाईचा वेग तापमानाच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो घातांकानं कोसळतो.

म्हणजे थंडीत जो रेणू ज्या दरीत उतरला, तो तिथेच अडकला. दोन्हींपैकी कोणती दरी खोल आहे हे त्याला कधी कळतच नाही, कारण तुलना करायला दोन्हीकडे जाऊन येता आलं पाहिजे. निकाल फक्त वेगावर लागतो. रसायनतज्ज्ञ याला गतिज नियंत्रण म्हणतात. ४० अंशांवर रेणू पुन्हा पुन्हा वर चढतात, पुन्हा उतरतात, आणि हळूहळू खोल दरी भरत जाते. हे ऊष्मागतिक नियंत्रण. आणि एक गोष्ट सहज निसटते: ४० अंशांवरसुद्धा सुरुवातीला शेजारचा पदार्थच जास्त वेगानं बनतो. ठेंगणी खिंड काही उष्णतेनं उंच होत नाही. शेजारचा पदार्थ फक्त टिकत नाही.

हे खरं की नुसता तर्क? ताडून पाहणं सोपं आहे. थंडीत बनलेलं मिश्रण ४० अंशांवर नेऊन ठेवा. शेजारच्याचे ८० टक्के घटत घटत २० वर येतात, म्हणजे गरम प्रयोगाचाच आकडा. हे मिश्रण शुद्ध करण्यासाठी तापवायला गेलात तर जपून! बाटलीत घालताना एक पदार्थ असतो, काढताना दुसराच.

आता सर्वांत आवडता प्रश्न: ठेंगणी खिंड ठेंगणी का? नेहमीचं उत्तर असं की दुसऱ्या कार्बनवर धनभाराचा वाटा जास्त असतो. पण १९७९ मध्ये रसायनतज्ज्ञ नॉर्डलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फारच चतुर प्रयोग केला. त्यांनी चारऐवजी पाच कार्बनची साखळी, म्हणजे पेंटाडाईन, घेतली. इथे हायड्रोजन जोडला गेल्यावर धनभाराच्या दोन्ही जागा अगदी सारख्या असतात आणि दोन्ही दारांतून एकच पदार्थ बनतो. मग कोणत्या दारातून आत आलो हे कळणार कसं? त्यांनी हायड्रोजन ब्रोमाईडऐवजी हायड्रोजन क्लोराईड घेतलं, त्यातही हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम वापरला, आणि त्याच्या जागेवरून दार ओळखलं. दोन्ही दारं समान असताना निम्मं-निम्मं व्हायला हवं होतं. तरीही शेजारच्या दाराचाच वरचष्मा राहिला! कारण साधं आहे. ड्यूटेरियम सोडून मागे राहिलेला क्लोरीन अजून तिथेच, पहिल्या कार्बनच्या आसपास असतो. लांबच्या टोकापर्यंत जायच्या आधीच त्याला जवळचं दार सापडतं.

आणि हा फरक केवढासा आहे! ८० आणि २० चं प्रमाण पडायला उणे ८० अंशांवर दोन खिंडींच्या उंचीत एका मोलला जेमतेम सव्वादोन किलोज्यूलचा फरक पुरतो. ४० अंशांवर दऱ्यांच्या खोलीतला साडेतीन किलोज्यूलच्या आसपासचा फरक पुरतो. एक साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण साडेतीनशे किलोज्यूल लागतात, त्यापुढे हे काहीच नाही.

अर्थात ही उलथापालथ परतीची वाट असेल तरच होते. अभिक्रिया उलटी फिरूच शकत नसेल, तर तापमान वाढवून आकडे उलटत नाहीत. दोन्ही वाटांमधला फरक पुसट होत जातो, इतकंच.

शिवाय ‘थंड’ म्हणजे नेमकं किती थंड, हे थर्मामीटर सांगत नाही, चढ सांगतो. नॅफ्थलीनवर, म्हणजे डांबराच्या गोळ्यांमधल्या पदार्थावर, तीव्र सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की तसंच होतं. ८० अंशांवर लवकर बनणारं, कमी स्थिर आम्ल मिळतं. १६० अंशांवर दुसरं, जास्त स्थिर. ब्युटाडाईनला जे तापमान भट्टीसारखं वाटलं असतं, तिथे नॅफ्थलीन अजून हिवाळ्यातच असतं.