विनिपेगसाठी कोट घेताना

व्हिसा आला की घरात खरेदीची यादी सुरू होते आणि त्या यादीत प्रेशर कुकरच्या खालोखाल हमखास असतो तो जाड कोट. मावशी सांगते तिबेटी स्वेटरवाल्यांकडून घे, दादा म्हणतो मॉलमधून लेदर जॅकेट घे, वडील कपाटातला जुना ओव्हरकोट काढून दाखवतात. कोट कुठून घ्यायचा यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. तो नक्की कधी लागणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

समजा, साताऱ्याची एक मुलगी कॅनडातल्या विनिपेग शहरात, मॅनिटोबा विद्यापीठात शिकायला निघाली आहे. विनिपेगमध्ये जानेवारीतलं सरासरी किमान तापमान उणे २० अंशांच्या आसपास असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की आपल्याकडे ती बातमी होते. विनिपेगमध्ये तापमान शून्यावर आलं तर जानेवारीत तो उबदार दिवस म्हणायचा. पण तिचा अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू होत असेल, तर ती उतरेल तेव्हा दुपारचं तापमान १९-२० अंश असेल. साताऱ्याहून नेलेलं साधं जॅकेट तेव्हा पुरेसं होतं. जाड कोट लागायला ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर उजाडतो. सप्टेंबरच्या विद्यार्थ्याने जाड कोट इथून नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅगेत तो दोन-अडीच किलो आणि निम्मी जागा खातो, आणि ज्या गावाला लागतो त्या गावाची थंडी न पाहताच घेतलेला असतो.

जानेवारीत जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच त्याला कोट हवा. त्याने इथल्या क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानातून एक बऱ्यापैकी पॅडिंगचं, टोपी असलेलं जॅकेट घ्यावं, आत स्वेटर चढवावा आणि ते विमानात हातात धरून न्यावं. विमानतळ ते खोली आणि खोली ते दुकान, एवढ्यापुरतंच ते घ्यायचं. खरा कोट तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात घ्यायचा.

तिथला खरा त्रास वाऱ्याचा. विनिपेग सपाट गवताळ प्रदेशात आहे आणि वाऱ्याला अडवायला डोंगर नाही. अंगाभोवती शरीरानेच तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो, तो वारा उडवून नेतो. म्हणून तिथे हवामानाच्या बातमीत तापमानाबरोबर ‘विंड चिल’चा आकडाही सांगतात. तापमान उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर हा आकडा उणे ३३ होतो. अशा वेळी उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. बस चुकली आणि पुढची यायला वीस मिनिटं असली की हा आकडा चांगलाच समजतो. त्यामुळे कोटाची परीक्षा चालताना होत नाही, चालताना अंग तापलेलंच असतं. ती होते थांब्यावर स्थिर उभं राहिल्यावर.

लोकरीचा ओव्हरकोट आणि लेदर जॅकेट नेमके इथे कमी पडतात. ओव्हरकोटाचं कापड जाड असलं तरी विणीतून वारा आत येतो. लेदर वारा अडवतं, पण आत हवा धरून ठेवायला काही नसतं. विनिपेगच्या कोटाला दोन्ही गोष्टी लागतात: बाहेरचं कापड घट्ट विणीचं, वारा न जाणारं, आणि आतलं भरण जाड, फुगीर. तपासायला सोपं आहे. कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारायची आणि दुसऱ्या बाजूला हात धरायचा. हवा हाताला लागली तर तो कोट सोडून द्यावा.

आता भरण. ते दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे ‘डाउन’, बदक किंवा हंसाच्या छातीवरची अगदी मऊ पिसं. दुसरं पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचं. ऊब पिसांत नसते, पिसांनी अडकवलेल्या स्थिर हवेत असते. पिंजाऱ्याने नुकत्याच पिंजलेल्या कापसाची गादी दबलेल्या गादीपेक्षा उबदार लागते, तसंच हे. वजनाच्या मानाने डाउनइतकी ऊब दुसरं भरण क्वचितच देतं. पण ते भिजलं की गोळा होतं आणि ऊब जाते. विनिपेगच्या कोरड्या, कडक थंडीत हा धोका कमी असतो, कारण तिथला हिवाळी बर्फ भुरभुरीत असतो आणि झटकला की पडतो. हिवाळाभर पाऊस पडणाऱ्या व्हँकुव्हरला मात्र पॉलिएस्टरच बरं. ज्यांना पक्ष्यांची पिसं अंगावर नकोत, अशी घरं आपल्याकडे बरीच आहेत. त्यांनी संकोच न करता पॉलिएस्टरचा कोट घ्यावा. तो थोडा जड आणि जाडजूड असतो, पण चांगला निवडला तर विनिपेगचा हिवाळा निघतो.

डाउनच्या कोटावर ६००, ७००, ८०० असे आकडे ठळक छापलेले असतात आणि विक्रेताही त्यांचंच कौतुक सांगतो. हा ‘फिल पॉवर’. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं किती घन इंच जागा फुगून भरतात, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा म्हणजे पिसं उत्तम. पण आत पिसं घातली आहेत किती, हे त्यातून कळत नाही, आणि खरी फसगत इथेच होते. ८००ची पिसं फक्त १०० ग्रॅम घातली तर ती सगळी फुगून सुमारे ४६ लिटर जागा भरतील. ६००ची पिसं २५० ग्रॅम घातली तर ८७ लिटर. दुसरा कोट स्वस्त असू शकतो, आणि उबदार तोच असणार. पिसांचं वजन लेबलवर नसेल तर विचारावं. उत्तर मिळालं नाही तर कोट टेबलावर पसरून तळहाताने दाबावा आणि सोडावा. भरपूर भरलेला कोट लगेच वर येतो, आणि खांद्यांवर, बाह्यांवर दोन्ही बोटांत धरला तर मध्ये चांगली जाडी लागते.

‘उणे ३० पर्यंत’ अशी चिठ्ठी लावलेले कोटही मिळतात. जॅकेटसाठी सगळ्या कंपन्यांना बांधील असं एक मोजमाप नाही. तो आकडा त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो, आणि तोही बहुधा चालत्या-फिरत्या माणसासाठी. दोन कंपन्यांच्या चिठ्ठ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

लांबीबद्दल मुलामुलींची आईशी भांडणं होतात. कमरेपर्यंतचं जॅकेट छान दिसतं, पण वारा जीन्समधून थेट मांडीला लागतो. कोट निदान मांडीच्या मध्यापर्यंत हवा. एवढा लांब कोट घालून बसमध्ये बसायचं तर चेन खालूनही उघडणारी असावी, नाहीतर कोट पोटावर गोळा होतो. चेनवर कापडाची पट्टी हवी, कारण चेनच्या दातांतून वारा येतो. बाहीच्या आत मनगटाला घट्ट बसणारी विणलेली पट्टी हवी. टोपी खोल असावी, म्हणजे चेहऱ्यासमोर हवेचा थोडा कप्पा तयार होतो, आणि कडेला फर असेल तर वारा तिथे मोडतो. ही फर शोभेपुरती नसते.

दुकानात कोट टी-शर्टवर घालून पाहणं ही सगळ्यांत मोठी चूक. घरून नेलेला जाड स्वेटर अंगात घालूनच मापाला उभं राहावं. मग दोन्ही हात वर करावेत, बाह्या कोपराकडे सरकता कामा नये. वाकून पाहावं, पाठ उघडी पडू नये. हातमोजे घालून चेन लावून-काढून पाहावी, कारण थांब्यावर बोटं उघडी ठेवून चेनशी झगडायला कुणालाच आवडत नाही. कोट घट्ट असेल तर पिसं दबतात आणि फुगण्याची जागाच उरत नाही. पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्याही तेच करतात, म्हणून जड पुस्तकं नेणाऱ्यांना खांद्यापाशी थंडी जास्त जाणवते.

तिथे इमारती, बस, वर्ग सगळं वीस-बावीस अंशांना तापवलेलं असतं. विद्यापीठाच्या बऱ्याच इमारती भुयारी वाटांनी जोडलेल्या आहेत. आत शिरलं की कोट काढायचाच असतो. त्यामुळे आतले कपडे पातळ आणि कोट दमदार, हे गणित सोयीचं. चार स्वेटर चढवून हलकं जॅकेट घातलं तर वर्गात घाम येतो, आणि सुती बनियन तो घाम धरून ठेवते. मग बाहेर पडल्यावर ओल्या बनियनची थंडी हाडांत शिरते. अंगालगत सुतीऐवजी पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल हवं, आणि वर एक फ्लीस किंवा स्वेटर पुरतो.

पैशांचं बोलू. आपल्या साताऱ्याच्या मुलीला ४०० डॉलरचा कोट नोव्हेंबरच्या शेवटी ‘ब्लॅक फ्रायडे’ला ४० टक्के सवलतीत मिळाला, तर किंमत होते २४० डॉलर. मॅनिटोबात कपड्यांवर केंद्र आणि प्रांत मिळून १२ टक्के कर लागतो, आणि तो चिठ्ठीवरच्या किमतीत धरलेला नसतो. काउंटरवर ती २६८ डॉलर ८० सेंट देईल. बजेट २५० चं असेल तर तिथेच गोंधळ उडतो. सवलत २६ डिसेंबरला पुन्हा येते, पण तोवर विनिपेगमध्ये कोटाशिवाय राहणं शक्य नाही. हिवाळा संपताना कोट खूप स्वस्त होतात, फक्त मधली मापं तोवर संपलेली असतात.

जुन्या कपड्यांच्या दुकानांना आपल्याकडची मुलं नाकं मुरडतात. तिथे कुणी मुरडत नाही. या दुकानांत ३०-४० डॉलरलाही भक्कम कोट सापडतो, कारण कोट वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसं गाव बदलतात. जुना कोट घेताना चेन दोन्ही टोकांपर्यंत चालवून पाहावी आणि कोट उजेडासमोर धरावा. शिवणीच्या चौकोनांत पिसं एका कोपऱ्यात गोळा झालेली दिसली, तर तो चुकीच्या पद्धतीने धुतलेला आहे. बऱ्याचदा तो सुधारतोही. घरी आणून ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसच्या चेंडूंबरोबर फिरवायचा. चेंडू पिसांचे गोळे फोडतात आणि कोट पुन्हा फुगतो. नवा कोट धुतल्यावरही हेच करायचं, आणि दोन-तीन फेऱ्यांची तयारी ठेवायची. वरून कोरडा वाटला तरी आतली पिसं ओली राहतात आणि आठवडाभरात त्याला कुबट वास येतो.