एकगठ्ठा ईमेल पाठवताय? आधी तारखेचा कॉलम बघा!



एक्सेलमध्ये ग्राहकांची यादी, वर्डमध्ये मजकूर आणि मेल मर्ज करून आउटलुकमधून सगळ्यांना ईमेल. हे बरेच जण करता. आज फक्त एक गोष्ट बघू : शेवटचं बटण दाबायच्या आधी नेमकं काय तपासायचं.

उदाहरण धरू. डोंबिवलीत विमा सल्लागार आहे. ठाण्याच्या MH 04 आणि कल्याणच्या MH 05 नंबरच्या मिळून ३०० गाड्यांची यादी. सगळ्यांच्या पॉलिसी ऑगस्ट २०२५ मध्ये संपतायत. प्रत्येकाला नाव, गाडीचा नंबर आणि मुदत संपण्याची तारीख घालून आठवण पाठवायची आहे.

तारीख कुठे उलटते?

एका ग्राहकाची पॉलिसी ११ ऑगस्टला संपते. एक्सेलमध्ये आपल्याला 11-08-2025 दिसतं, अगदी बरोबर. पण वर्ड एक्सेलमधून तारीख उचलताना सेलची सजावट सोबत आणत नाही. तारीख बऱ्याचदा अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी अशी येते. ईमेलमध्ये छापलं जातं 8/11/2025. आपला माणूस ते काय वाचणार? ८ नोव्हेंबर!

आता बघा काय होतं. तो म्हणतो, अजून तीन महिने आहेत, सावकाश करू. इकडे ११ ऑगस्टनंतर गाडी विम्याशिवाय रस्त्यावर. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, त्यामुळे पकडलं तर दंड, आणि अपघात झाला तर भरपाई स्वतःच्या खिशातून. शिवाय नो क्लेम बोनस टिकवायला मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण करावं लागतं. ते ९० दिवस ९ नोव्हेंबरला संपतात. म्हणजे ईमेलवर विश्वास ठेवणाऱ्याच्या हातात जेमतेम एक दिवस उरला.

गंमत म्हणजे ही चूक सगळ्या ओळींत दिसत नाही. २५ ऑगस्टचं 8/25/2025 होतं. पंचविसावा महिना नसतो, म्हणून ते लगेच खटकतं. १ ते १२ तारखेच्या ओळी मात्र बिनबोभाट उलटतात. म्हणून चाचणीसाठी ओळ निवडताना तारीख १२ किंवा त्याच्या आतली घ्या, आणि दिवस-महिना वेगळे असलेली घ्या. ८ ऑगस्टची ओळ काहीच सांगणार नाही!

उपाय : तारीख शब्दांत पाठवा

वर्डच्या भरवशावर राहू नका. यादीत शेवटी दोन नवे कॉलम करा. समजा B मध्ये हाक मारायचं नाव आहे आणि E मध्ये तारीख :

```
=IF(TRIM(B2)="","नमस्कार,","नमस्कार "&TRIM(B2)&"जी,")
=IF(ISNUMBER(E2),TEXT(E2,"d mmmm yyyy"),"तारीख तपासा")
```

दुसऱ्या सूत्रातून 11 August 2025 असा साधा मजकूर तयार होतो. महिना अक्षरात आला की उलटायला काही उरतच नाही. मर्जमध्ये E ऐवजी हा नवा कॉलम घाला.

पण थांबा. मूळ तारीखच चुकीची शिरली असेल तर सूत्र ती चूक सुबक अक्षरात छापेल, एवढंच. ज्या कॉम्प्युटरवर तारखेची सेटिंग अमेरिकन आहे, तिथे 11/08/2025 टाइप केलं की एक्सेल त्याला ८ नोव्हेंबर समजतं. 25/08/2025 त्याला कळतच नाही, म्हणून ते मजकूर म्हणून पडून राहतं. ओळखायचं कसं? सेलला कुठलंही अलाइनमेंट दिलेलं नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. कॉलममध्ये काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, किंवा वरच्या सूत्राने "तारीख तपासा" म्हटलं, तर फक्त डावीकडच्या दुरुस्त करून चालणार नाही. उजवीकडच्याही संशयित आहेत. सोपी परीक्षा म्हणजे फिल्टर लावा. यादी ऑगस्टची आहे ना? मग नवीन कॉलममध्ये November, May असलं काही निघालं तर ती ओळ मूळ पॉलिसीच्या कागदाशी जुळवा.

नाव : पहिला शब्द म्हणजे नाव नव्हे

आपल्याकडच्या याद्यांत कुठे नाव आधी, कुठे आडनाव आधी. यादीतला पहिला शब्द तोडून घेतलात तर निम्म्यांना पहिल्या नावाने हाक जाईल आणि उरलेल्यांना नुसत्या आडनावाने. "नमस्कार पाटीलजी" एकवेळ चालेल, पण गाडी संस्थेच्या किंवा दुकानाच्या नावावर असेल तर "नमस्कार मेसर्सजी" जाईल! म्हणून हाक मारायच्या नावाचा B कॉलम एकदाच हाताने भरा. ३०० नावांना तासभर लागेल, पण पुढच्या वर्षीही तोच उपयोगी पडतो. नाव माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवा, पहिलं सूत्र नुसतं "नमस्कार," लिहील.

सगळ्यात महाग चूक : ओळ सरकणे

नाव एकाचं, ईमेल दुसऱ्याचा. असं झालं की एकाच्या गाडीची माहिती दुसऱ्याच्या हातात जाते. याची नेहमीची कारणं दोन. एक, क्रम लावताना एकच कॉलम निवडला गेला आणि बाकीचे जागेवर राहिले. असं असेल तर जवळपास सगळीच यादी विस्कटते, कुठलीही चार-पाच नावं तपासली तरी सापडतं. दुसरं जास्त फसवं आहे : मध्येच कुणाचा तरी एक सेल डिलीट केला आणि `Shift cells up` झालं. समजा हे १८० व्या ओळीत झालं. वरच्या १७९ ओळी ठणठणीत, खालच्या सगळ्या एका घराने वर सरकलेल्या! वरच्या पाच ओळी बघून "सगळं ओके" म्हणणारे इथेच फसतात.

म्हणून शेवटची ओळ आवर्जून बघा. शेवटच्या ग्राहकाचं नाव, ईमेल, गाडी नंबर आणि तारीख त्याच्या पॉलिसीच्या कागदाशी जुळवा. मग मधली एक आणि पहिली एक.

पाठवायच्या आधी

वर्डमध्ये `Finish & Merge` खाली आधी `Edit Individual Documents` निवडा. सगळे ३०० ईमेल एका फाइलमध्ये तयार होतात, कुणाला काही जात नाही. त्यात शोधा : "तारीख तपासा", आणि 1900. रिकाम्या सेलवर नुसतं `TEXT` लावलं असेल तर 1900 सालची तारीख उगवते, म्हणून. मग पहिलं, मधलं आणि शेवटचं पत्र मोठ्याने वाचा.

हे झालं की जुन्या आउटलुकमध्ये `Send / Receive` टॅबवरून `Work Offline` करा आणि मग `Send Email Messages` निवडा. ईमेल `Outbox` मध्ये अडकून राहतील. तिथे दोन-तीन उघडून "प्रति" मधला पत्ता आणि आतलं नाव एकाच माणसाचं आहे ना ते बघा, आणि उघडलेल्या ईमेलवर पुन्हा `Send` दाबा, नाहीतर ते तिथेच पडून राहतात. आकडाही मोजा : यादीत ३०० ओळी, तर इथेही ३००. कमी आले तर कुणाचा तरी ईमेल रिकामा आहे. चुकलं असेल तर इथूनच डिलीट करता येतं. `Work Offline` काढलंत की मात्र गाडी सुटली.