यादी वरून खाली वाचू नका

जून २०२५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एकविसाव्या शतकातले शंभर सर्वोत्तम चित्रपट जाहीर केले. ‘पॅरासाइट’ पहिला आला. त्या निमित्ताने व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर जुन्या-नव्या सगळ्या याद्या फिरू लागल्या आणि प्रत्येक यादीखाली तोच प्रश्न होता: यातले किती पाहिलेत? हा प्रश्न मला खटकतो. त्याने चित्रपट पाहणं म्हणजे परीक्षेआधी पोर्शन संपवणं होऊन बसतं. माणूस पहिल्या क्रमांकापासून उत्साहाने सुरुवात करतो, दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटाला कंटाळतो आणि ‘जागतिक सिनेमा आपल्यासाठी नाही’ असं ठरवून मोकळा होतो. दोष त्याच्या रसिकतेचा नसतो. यादी कशी तयार होते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात मानाची यादी घेऊ. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. प्रत्येकाने दहा चित्रपट सांगायचे. त्या दहांत वरचा-खालचा असा क्रम धरत नाहीत. प्रत्येक नावाला एक मत. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मिळून २,०४५ वेगवेगळे चित्रपट सुचवले. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ला १९१ मतं मिळाली, ‘सिटिझन केन’ला १५७, आणि पन्नास वर्षं अढळ असलेला ‘केन’ दुसरा झाला. म्हणजे ज्या वर्षी ‘व्हर्टिगो’ जगात सर्वोत्तम ठरला, त्या वर्षी मत देणाऱ्या चारांपैकी तिघांहून अधिक लोकांच्या दहांत तो नव्हता. पहिला क्रमांक सांगतो ते एवढंच, की सर्वाधिक लोकांच्या दहांत हे एक नाव समान निघालं. यादीच्या खालच्या अर्ध्या भागात तर कितीतरी चित्रपट समान मतांवर एकाच पायरीला उभे असतात. तिथे ७० वा आणि ८० वा यांत फरक शोधणं व्यर्थ आहे.

नियम बदलला की क्रमही बदलतो. २००२ मध्ये ‘गॉडफादर’च्या पहिल्या दोन भागांची मतं एकत्र मोजली गेली आणि ते चौथ्या क्रमांकावर आले. २०१२ मध्ये मतं वेगळी मोजायची ठरली. लगेच पहिला भाग एकविसावा झाला आणि दुसरा एकतिसावा. २०२२ मध्ये दुसरा भाग शंभरांतूनच गेला. चित्रपटाची एक फ्रेमही बदलली नव्हती.

२०२२ च्या कौलावरून बरंच रण माजलं. मतदार १,६३९ झाले, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि शांताल आकरमान यांचा १९७५ चा ‘जान दिएलमान’ थेट पहिला आला. आदल्या कौलात तो छत्तिसावा होता. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, ‘चायनाटाउन’, ‘रेजिंग बुल’ शंभरांबाहेर गेले. पॉल श्रेडर यांच्यासारख्या जाणत्या दिग्दर्शकाने या निकालाने कौलाची विश्वासार्हता कमी झाली, असं म्हटलं. मला तसं वाटत नाही. मतदार बदलले, वाढले, म्हणून निकाल बदलला. १९५२ पासून तेच होत आलं आहे. खरी अडचण वेगळीच आहे. क्रमांक पाहून लाखो लोक आता याच चित्रपटापासून सुरुवात करणार.

‘जान दिएलमान’ २०१ मिनिटांचा आहे. ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस त्यात आहेत. ती बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाला जेवायला वाढते, आणि रोज दुपारी एक पुरुष पैसे देऊन तिच्याकडे येतो. कॅमेरा हलत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि तिथून तिची घडी विस्कटू लागते. पहिल्या दिवशीची तिची शिस्त आपण नीट पाहिली असेल, तरच ही चूक आपल्याला हादरवते. म्हणून हा चित्रपट फोनवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला तर हाती काही लागत नाही. थोर चित्रपट आहे, पण आकरमान यांची ओळख इथून करून घेणं सर्वांना मानवणार नाही. त्यांचाच ‘न्यूज फ्रॉम होम’ त्याच यादीत ५२ व्या क्रमांकावर आहे आणि दीड तासात संपतो. पडद्यावर सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्कचे रस्ते आणि भुयारी रेल्वे दिसते. मागे आईने बेल्जियमहून पाठवलेली पत्रं स्वतः आकरमान वाचतात. आई तब्येत विचारते, पत्र का नाही म्हणून रुसते. ज्यांची मुलं न्यू जर्सीत किंवा सिडनीत आहेत, त्या घरांत हा चित्रपट कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. आणि तो आवडला, की ‘जान दिएलमान’चे सव्वातीन तास जड जात नाहीत.

यादीचा खरा उपयोग मात्र शंभर नावांच्या पलीकडे आहे, आणि त्याची चर्चा होत नाही. समीक्षकांसोबत दिग्दर्शकांचाही वेगळा कौल होतो आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट मतपत्रिकाही प्रसिद्ध करते. मनापासून आवडलेला एखादा चित्रपट घ्या, त्याला मत कुणी दिलं ते शोधा आणि त्या व्यक्तीची बाकीची नावं वाचा. समजा, तुम्हाला कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ आवडतो. २०१२ मध्ये त्याला मत देणाऱ्या दिग्दर्शकांत मार्टिन स्कॉर्सेसी होते. त्यांच्या मतपत्रिकेत ‘द रिव्हर’ हे नाव आहे. ज्याँ रेन्वार यांचा १९५१ चा हा रंगीत चित्रपट त्या वर्षीच्या शंभरांत नव्हता. तो बंगालमध्ये, गंगेकाठी चित्रित झाला. स्थळं शोधायला रेन्वार कलकत्त्यात आले, तेव्हा तरुण सत्यजित राय त्यांच्यासोबत फिरले. बन्सी चंद्रगुप्त ‘द रिव्हर’च्या कलाविभागात होते आणि सुब्रत मित्र चित्रीकरण पाहायला जात. पुढे याच दोघांनी ‘पथेर पांचाली’चं कलादिग्दर्शन आणि छायाचित्रण केलं. ‘द रिव्हर’ पाहून मग ‘पथेर पांचाली’ पाहिला, तर बंगालचा निसर्ग पाहुण्याच्या नजरेतून घरच्या नजरेत कसा आला, हे कुणी न सांगता दिसतं. २०२२ च्या यादीतला ‘पथेर पांचाली’चा ३५ वा क्रमांक यातलं काहीच सांगत नाही.

२०२२ च्या त्या शंभरांत ‘पथेर पांचाली’ हा एकमेव भारतीय चित्रपट आहे. त्याच वर्षी फिप्रेस्की या समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने दहा सर्वोत्तम भारतीय चित्रपट निवडले, त्यातही मराठी एकही नाही. पुण्यात ‘प्रभात’मध्ये बनलेला दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला होता. पण जे मतदारांनी पाहिलंच नाही, त्याला मत पडत नाही. चांगली प्रत आणि उपशीर्षकं नसलेला चित्रपट कितीही मोठा असला तरी स्पर्धेतच नसतो. यादी वाचताना ही गैरहजेरीही वाचावी.

प्रतीचा मुद्दा पाहणाऱ्यालाही लागू आहे. ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत जळाली, २०१५ मध्ये त्याची देखणी पुनर्रचित प्रत आली. यूट्यूबवरच्या धूसर प्रतीत काशफुलांच्या रानातून दिसणारी रेल्वे म्हणजे नुसता राखाडी डाग असतो. जुना चित्रपट कंटाळवाणा वाटला, तर आधी प्रत तपासा. प्रत चांगली असूनही अर्ध्या तासात मन लागत नसेल, तर खुशाल बंद करा आणि त्याच दिग्दर्शकाचा छोटा चित्रपट शोधा.

पुढचा कौल २०३२ मध्ये आहे. तोवर bfi.org.uk वर २०२२ च्या मतपत्रिका वाचायला मिळतात. आपल्या आवडीच्या एका चित्रपटाचं पान उघडा, त्याला मत देणारा एक माणूस निवडा आणि त्याच्या उरलेल्या नऊ नावांतलं, कधीही न ऐकलेलं एक या रविवारी पाहा.